एका पत्त्याचे दोन दावेदार

राउटरवरचे दिवे हिरवे आहेत. स्पीड टेस्ट केली तर पैसे मोजले तेवढा वेग मिळतो आहे. शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर दिवसभर सुरळीत चालतो आहे. आणि तरीही एकाच लॅपटॉपचं नेट मधूनमधून जातं, मिनिट-दोन मिनिटं गायब राहतं आणि कोणी काही न करता परत येतं. व्हिडिओ कॉल तुटतो, भरत आणलेला ऑनलाइन फॉर्म शेवटच्या बटणाला अडकतो. प्रिंटर समोर चालू दिसत असताना कॉम्प्युटर तो ऑफलाइन असल्याचं सांगतो. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन लाइन तपासतो, लाइन चांगली निघते. राउटर बंद करून चालू केला की बरं वाटतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं.

अशा वेळी वाय-फायचा सिग्नल, केबल, राउटरचं वय या सगळ्यांवर संशय घेतला जातो. एक कारण मात्र बहुतेकांच्या मनात येत नाही: त्या घरातल्या किंवा ऑफिसातल्या दोन उपकरणांनी एकच आयपी पत्ता धरलेला असतो. हा दोष शोधायला वेगळं यंत्र लागत नाही आणि दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. पण तो घडतो कसा हे समजून घेतलं नाही, तर दुरुस्ती दोन दिवसांपुरतीच राहते.

पत्ते कोण वाटतं

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला दोन पत्ते असतात. पहिला मॅक पत्ता. तो नेटवर्कच्या चिपमध्ये कारखान्यातच भरलेला असतो. `58-38-79-2c-41-0b` अशा सहा जोड्यांचा हा पत्ता असतो आणि पहिल्या तीन जोड्यांवरून चिप किंवा उपकरण बनवणारी कंपनी कळते. दुसरा आयपी पत्ता, म्हणजे `192.168.1.105` यासारखा आकडा. तो उपकरणाला त्या त्या नेटवर्कपुरता मिळतो. `192.168` ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठीच राखलेले आहेत. त्यामुळे हाच आकडा तुमच्याकडे आणि शेजाऱ्यांकडेही असला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच राउटरखाली तो दोघांकडे असला तर.

हे आकडे बहुतेक वेळा राउटरच वाटतो. त्यासाठी डीएचसीपी नावाची पद्धत आहे, ती १९९३ साली प्रमाणित झाली. नवं उपकरण नेटवर्कवर आलं की ते सर्वांना उद्देशून विचारतं, कोणी मला पत्ता देईल का? राउटर आपल्या ठरलेल्या रेंजमधून, समजा `192.168.1.100` ते `192.168.1.199` मधून, एक मोकळा आकडा देऊ करतो. उपकरण तो मागतं आणि राउटर मंजूर करतो. मंजुरी कायमची नसते, ठरावीक मुदतीची असते. ही मुदत काही ठिकाणी चोवीस तास, काही ठिकाणी दोनच तास असते. निम्मी मुदत उलटली की उपकरण नूतनीकरण मागतं.

लॉजच्या काउंटरवर चालतं तसंच हे काम आहे. रजिस्टरमध्ये जी खोली रिकामी दिसते, ती पुढच्या पाहुण्याला मिळते. गडबड होते ती रजिस्टरमध्ये नाव न लिहिता परस्पर खोलीत उतरलेल्या पाहुण्यामुळे. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन अशी उपकरणं बसवणारा माणूस बऱ्याचदा त्यांच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता हाताने भरून जातो. त्याचा हेतू चांगला असतो, कारण पत्ता बदलला तर कॉम्प्युटरला प्रिंटर सापडणार नाही. पण हाताने भरलेला पत्ता राउटरकडून मागितलेलाच नसतो. त्यामुळे राउटरच्या नोंदीत तो मोकळा राहतो आणि आज ना उद्या दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो.

तुटण्याला क्रम असतो

दोघांकडे एकच पत्ता असेल तर दोघंही कायमचे बंद पडायला हवेत, असं वाटेल. तसं होत नाही. एक चालतो, दुसरा अडतो, मग पारडं फिरतं. याचं कारण एआरपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत आहे.

राउटरला `192.168.1.105` कडे काही पोहोचवायचं असेल तर त्याला त्या आकड्यामागचा मॅक पत्ता लागतो, कारण घरातल्या घरात माहितीची पाकिटं मॅक पत्त्यावरच जातात. म्हणून राउटर हाक देतो, `192.168.1.105` कोणाकडे आहे? ज्याच्याकडे असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो, आणि राउटर ती जोडी काही काळ तक्त्यात लिहून ठेवतो. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली ही पद्धत मांडली. तिच्यात उत्तर देणारा खरा मालक आहे का, हे तपासण्याची सोय नाही. त्या आकड्याबद्दल नवी माहिती कानावर आली की जुनी नोंद पुसून नवी लिहायची, एवढाच नियम. एका पत्त्याला एकच मालक असेल तोवर हा नियम अगदी पुरेसा आहे. दोन मालक असले की शेवटी बोलणारा जिंकतो.

आता लॅपटॉप आणि प्रिंटर दोघांकडेही `.105` आहे असं समजा. लॅपटॉपवर कोणी बँकेची वेबसाइट उघडली. लॅपटॉपची विनंती राउटरकडे गेली आणि तिथून बाहेर पडली. उत्तर परत येईपर्यंत प्रिंटरने आपल्या कामासाठी नेटवर्कवर एक हाक दिली. त्या हाकेत, `.105` म्हणजे मी आणि हा माझा मॅक पत्ता, हेही आपोआप सांगितलेलं असतं. राउटरने तक्ता बदलला. बँकेचं उत्तर आलं, ते राउटरने प्रिंटरकडे धाडलं. प्रिंटरला त्या बँकेशी काही देणंघेणं नाही. आपण न सुरू केलेल्या जोडणीचं पाकीट आलं तर ती जोडणी तोडून टाकण्याचा निरोप पाठवायचा, हा इंटरनेटचा सर्वसाधारण नियम आहे. प्रिंटर तो पाळतो. निरोप त्याच आयपी पत्त्यावरून निघालेला असल्यामुळे बाहेरच्यांना तो लॅपटॉपचाच वाटू शकतो, आणि चालू असलेलं काम जागीच तुटतं. म्हणून या दोषात नेट नुसतं हळू होत नाही, मध्येच कापल्यासारखं जातं.

थोड्या वेळाने लॅपटॉप काही कामासाठी हाक देतो, तक्ता परत फिरतो आणि नेट येतं. आता अडचण प्रिंटरची असते. छपाईचं काम लॅपटॉपकडे जाऊन पडतं, लॅपटॉप ते घेत नाही आणि ज्याने प्रिंट दिली त्याच्या पडद्यावर प्रिंटर ऑफलाइन दिसतो. ही उलटापालट कधी होईल हे कोण कधी हाक देतो यावर ठरतं. बाहेरून ती लहरी वाटते, पण तिला क्रम असतो: दोन्ही उपकरणं एकाच वेळी चालू असतानाच ती घडते.

एका ऑफिसचं उदाहरण

करसल्लागाराचं एक छोटं ऑफिस डोळ्यांसमोर आणू. दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप, मालकाचे आणि कारकुनाचे फोन, केबलने जोडलेला प्रिंटर आणि इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर. राउटरची वाटपाची रेंज `.100` ते `.199`. प्रिंटर बसवताना त्याला हाताने `.105` भरलेला. हा राउटर आकडे खालून वर क्रमाने वाटतो. पाच उपकरणांना `.100` ते `.104` पुरले. `.105` ची पाळीच आली नाही, म्हणून बरीच वर्षं कोणाला काही जाणवलं नाही.

जुलैमध्ये विवरणपत्रांची गर्दी वाढते. दोन मदतनीस आपापले लॅपटॉप घेऊन आले. सकाळी दहाला पहिल्याने लॅपटॉप उघडला तेव्हा प्रिंटर बंद होता. काही राउटर पत्ता देण्याआधी त्या आकड्याला एकदा हाक मारून बघतात. लॅपटॉपही पत्ता घेताना तशीच चाचपणी करतो. पण बंद प्रिंटर उत्तर देणार कुठून? कोणी ओ दिली नाही, म्हणून लॅपटॉपने `.105` घेतला. साडेदहाला प्रिंटर चालू झाला आणि कोणालाही न विचारता त्यानेही `.105` धरला. त्या दिवसापासून नव्या मुलाचं नेट जाऊ लागलं आणि जुन्या लोकांच्या प्रिंट अडकू लागल्या. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

राउटर बंद-चालू केल्यावर सुधारणा का होते, तेही इथे समजतं. त्या वेळी प्रिंटर चालू असतो. लॅपटॉप नव्याने जोडला जाताना जुनाच आकडा मागतो, पण चाचपणीला आता प्रिंटर उत्तर देतो. लॅपटॉप तो आकडा नाकारतो आणि दुसरा मागून घेतो. भांडण मिटतं, पण तेवढ्यापुरतंच. पुढे एखाद्या सकाळी प्रिंटर बंद असताना कोणीतरी नवं उपकरण जोडतं आणि `.105` पुन्हा वाटला जातो. शिवाय काही साधे राउटर बंद झाले की आपलं रजिस्टरच विसरतात. वीज वारंवार जाणाऱ्या भागात इन्व्हर्टरवरचे लॅपटॉप जुने आकडे धरून राहतात आणि कोऱ्या वहीने उठलेला राउटर तेच आकडे इतरांना देऊ शकतो.

खात्री कशी करायची

आधी एक भेद करा. घरातली सगळी उपकरणं एकाच क्षणी अडत असतील तर बहुधा दोष लाइनचा किंवा राउटरचा आहे. एकच उपकरण अडतंय आणि राउटरच्या शेजारी बसूनही अडतंय, तर पत्त्यावर संशय घ्यायला जागा आहे. विंडोज कधी कधी `IP address conflict` अशी सूचना देतं, तीही वाचून बंद करू नका. सूचना निसटली असेल तर विंडोजच्या Event Viewer मध्ये System या भागात `Tcpip` कडून आलेली `4199` क्रमांकाची नोंद शोधा. त्या नोंदीत भांडणातल्या दुसऱ्या उपकरणाचा मॅक पत्ताही लिहिलेला असतो. फोन, कॅमेरे, टीव्ही मात्र अशा वेळी सहसा काहीच बोलत नाहीत.

सगळ्यात सोपी चाचणी अशी. अडणाऱ्या लॅपटॉपचा आयपी पत्ता `ipconfig /all` या आज्ञेने पाहून कागदावर लिहा, त्याखालचा `Physical Address`, म्हणजे मॅक पत्ताही लिहा. मग तो लॅपटॉप पूर्ण बंद करा. आता नेटवर्कवरच्या दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि तोच आकडा विचारून बघा:

```
arp -d 192.168.1.105
ping -n 2 192.168.1.105
arp -a
```

पहिली आज्ञा या कॉम्प्युटरच्या तक्त्यातली जुनी नोंद पुसते, दुसरी त्या पत्त्याला हाक मारते, तिसरी तक्ता दाखवते. लॅपटॉप बंद आहे, म्हणजे खरं तर कोणीच उत्तर द्यायला नको. पण तक्त्यात अशी ओळ दिसली तर दुसरा दावेदार सापडला:

```
192.168.1.105    58-38-79-2c-41-0b    dynamic
```

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. `ping` ला उत्तर आलं नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. बरीच उपकरणं सुरक्षेसाठी `ping` ला उत्तर देत नाहीत. एआरपीच्या हाकेला मात्र त्यांना उत्तर द्यावंच लागतं, त्याशिवाय नेटवर्कवर कामच चालत नाही. म्हणून पाहायची ती तक्त्यातली ओळ. आणि ही चाचणी झोपलेल्या किंवा बंद उपकरणाला पकडणार नाही. संशयित प्रिंटर किंवा रेकॉर्डर चालू असतानाच ती करा.

आता हा मॅक पत्ता कोणाचा? प्रिंटरच्या मागच्या लेबलवर किंवा त्याने छापून दिलेल्या नेटवर्कच्या पानावर तो असतो. रेकॉर्डरमध्ये तो नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो. फोनवर `About` मध्ये किंवा त्या वाय-फायच्या तपशिलात सापडतो. सापडला नाही तर पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी शोधता येते आणि मग त्या कंपनीची वस्तू घरात कोणती आहे ते पाहायचं. आमच्या उदाहरणात प्रिंटरच्या लेबलवर हाच आकडा निघाला, म्हणजे निदान पूर्ण झालं.

दुरुस्ती: सगळे पत्ते एकाच वहीत

प्रिंटरला हाताने दुसरा एखादा आकडा भरून टाकायचा मोह होतो. तोही आकडा वाटपाच्या रेंजमध्ये असेल तर तोच प्रकार पुन्हा कधीतरी होणार. दोष मुळात प्रिंटरचा पत्ता राउटरला माहीत नसण्यात आहे. म्हणून टिकाऊ उपाय असा, की प्रिंटरनेही पत्ता राउटरकडूनच मागावा आणि राउटरने त्याला दर वेळी तोच द्यावा. याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. राउटरच्या यादीत एक ओळ जोडायची: हा मॅक पत्ता आला तर हाच आयपी द्यायचा आणि दुसऱ्या कोणाला तो द्यायचा नाही. पत्ता कायम राहतो आणि तो नोंदीतही येतो.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. `ipconfig` मध्ये `Default Gateway` समोर दिसतो तो. लॉगिन बहुधा राउटरखालच्या लेबलवर असतं. आत `LAN` किंवा `Network` खाली `DHCP Server` नावाचं पान सापडेल. रिझर्व्हेशनला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते: `Address Reservation`, `Static Lease`, `Static DHCP`, `DHCP Binding`. काम एकच.

यात क्रमाला महत्त्व आहे. आमच्या ऑफिसमध्ये `.105` हा आकडा लॅपटॉपच्या नावावर लागलेला आहे आणि काही राउटर दुसऱ्याला दिलेला आकडा राखून ठेवू देत नाहीत. म्हणून आधी लॅपटॉपकडून तो सोडवायचा. लॅपटॉपवर `ipconfig /release` दिलं की तो पत्ता परत करतो आणि राउटर तो मोकळा मानतो. पण नेमकी हीच आज्ञा वाटेत हरवू शकते, म्हणून राउटरच्या यादीतून ती नोंद गेली का ते पाहा. गेली नसेल तर लॅपटॉप बंद ठेवून राउटर एकदा चालू-बंद करा. आता रिझर्व्हेशनच्या पानावर प्रिंटरचा मॅक `58-38-79-2c-41-0b` आणि आयपी `192.168.1.105` लिहून जतन करा. मग प्रिंटरच्या पॅनलवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Manual` किंवा `Static` ऐवजी `Auto` किंवा `DHCP` निवडा आणि प्रिंटर बंद करून चालू करा. त्याने राउटरला विचारलं, राउटरने यादी पाहिली आणि `.105` दिला. शेवटी लॅपटॉप सुरू करा किंवा `ipconfig /renew` द्या. त्याला आता दुसराच आकडा मिळेल.

प्रिंटरला जुनाच आकडा दिला, यालाही कारण आहे. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना त्याचा आयपी पत्ता बहुधा पोर्टमध्ये लिहिलेला असतो. आकडा बदलला असता तर प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन तो पोर्ट दुरुस्त करावा लागला असता. ज्याला इतर लोक पत्त्याने शोधतात, त्याचा पत्ता ठेवायचा. ज्याला कोणी शोधत नाही, त्याला हलवायचं. लॅपटॉप आणि फोन या दुसऱ्या गटातले. त्यांना रिझर्व्हेशनची गरजही नसते.

राखलेला आकडा वाटपाच्या रेंजच्या आत असावा की बाहेर, याबाबत राउटरांमध्ये फरक आहे. काही आतलाच मागतात, काही बाहेरचाच, काहींना दोन्ही चालतात. आपला राउटर जे स्वीकारेल ते करावं. ज्या जुन्या उपकरणाला डीएचसीपी जमतच नाही, त्याला मात्र हाताने पत्ता भरावा लागतो. त्यासाठी रेंजच्या बाहेरचा, म्हणजे इथे `.2` ते `.99` मधला आकडा घ्यावा आणि तो यादीत लिहून ठेवावा.

काम झाल्यावर पडताळणी करा. लॅपटॉपवर `ping -t 192.168.1.1` चालू ठेवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लागोपाठ प्रिंट द्या, प्रिंटर बंद करून चालू करा. भांडण मिटलं असेल तर राउटरकडून येणारी उत्तरं या सगळ्यात तुटत नाहीत. मग मघाची `arp` चाचणी पुन्हा करा. दर वेळी `.105` समोर प्रिंटरचाच मॅक पत्ता आला पाहिजे.

रिझर्व्हेशन जिथे पुरत नाही

तीन प्रसंगी इतकं करूनही त्रास राहतो.

पहिला प्रसंग दोन राउटरांचा. वरच्या मजल्यावर सिग्नल पोहोचत नाही म्हणून जुना राउटर केबलने जोडला जातो आणि त्याचं डीएचसीपीही चालूच राहतं. मग एका नेटवर्कवर दोन वह्या उघड्या असतात आणि एकीतलं रिझर्व्हेशन दुसरीला माहीत नसतं. वेगवेगळ्या उपकरणांवर `ipconfig /all` मध्ये `DHCP Server` समोर वेगवेगळे आकडे दिसले तर हाच प्रकार आहे. याहून वाईट म्हणजे दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता `192.168.1.1` असणं. बरेच राउटर कारखान्यातून हाच आकडा घेऊन येतात. अशा वेळी भांडण घराच्या दाराशीच होतं आणि सगळ्यांचंच नेट अधूनमधून जातं. दुसरा राउटर `Access Point` मोडमध्ये टाकावा. ती सोय नसेल तर त्याला `192.168.1.2` असा पत्ता द्यावा, त्याचं डीएचसीपी बंद करावं आणि केबल त्याच्या `LAN` पोर्टात लावावी.

दुसरा प्रसंग फोनचा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर आपला खरा मॅक पत्ता न सांगता बनवलेला पत्ता सांगतात, म्हणजे दुकानादुकानांतून त्यांचा माग काढता येऊ नये. ही सोय चांगली आहे. पण फोनचा खरा मॅक रिझर्व्हेशनमध्ये लिहिला तर राउटर त्याला ओळखणारच नाही. बनवलेला पत्ता ओळखायची खूण अशी: त्याचं दुसरं अक्षर `2`, `6`, `a` किंवा `e` असतं. फोनसाठी आकडा राखायचाच असेल तर घरच्या वाय-फायपुरतं `Private Wi-Fi Address` बंद करा, अँड्रॉइडवर `Use device MAC` निवडा. लॅपटॉपलाही केबलचा एक आणि वाय-फायचा एक असे दोन मॅक पत्ते असतात. ज्या मार्गाने तो जोडला आहे, त्याचा मॅक लिहायचा.

तिसरा प्रसंग नव्या राउटरचा. रिझर्व्हेशनची यादी राउटरच्या पोटात असते. राउटर बदलला किंवा रीसेट केला की ती जाते. राउटरमध्ये `Backup` ची सोय असेल तर ती फाइल काढून ठेवावी, पण दुसऱ्या कंपनीच्या राउटरला ती सहसा चालत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेट कंपन्या महिन्याचे जादा पैसे घेऊन स्टॅटिक आयपी देतात. तो तुमच्या राउटरचा बाहेरच्या जगातला पत्ता असतो. घरातलं हे भांडण तो विकत घेऊन मिटत नाही, त्यामुळे या कारणासाठी कोणी तो सुचवला तर घेऊ नका.

म्हणून आजच एक काम करा. एका कागदावर उपकरणाचं नाव, मॅक पत्ता आणि राखलेला आयपी पत्ता असे तीन रकाने आखा. प्रिंटर, रेकॉर्डर, हजेरीचं मशीन अशा जागेवरून न हलणाऱ्या प्रत्येक वस्तूची त्यात नोंद करा आणि कागद राउटरजवळ चिकटवा. यापुढे नवं उपकरण बसवायला येणाऱ्याला तो दाखवा आणि सांगा, की इथे पत्ता हाताने भरायचा नाही, राउटरमध्ये राखून घ्यायचा.